परदेशी करार आणि डॉलरमधले मानधन: सही करण्यापासून शेवटचे बिल वसूल होईपर्यंत

जून २०२३ मध्ये अमेरिकेतील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीने मला कामाचा प्रस्ताव पाठवला, तेव्हा मी पुण्यातील नोकरीत होते आणि नाशिकला घरून काम करीत होते. महिना ३,००० डॉलर ही रक्कम माझ्या तेव्हाच्या पगारापेक्षा बरीच जास्त होती. प्रस्ताव मात्र नोकरीचा नव्हता. कंपनीचे भारतात कार्यालय नव्हते आणि मला 'स्वतंत्र कंत्राटदार' म्हणून काम करायचे होते. भविष्यनिर्वाह निधी, उपदान, पगारी रजा, विमा यांपैकी काहीही मिळणार नव्हते. एवढे मला पहिल्या दिवशीच समजले होते आणि त्याची मनाची तयारीही होती. धोक्याचा मोठा भाग करारातील इतर काही वाक्यांत दडलेला असतो, हे मला नंतर कळले. त्या वेळी अशा कराराविषयी मराठीत तपशिलाने लिहिलेले मला फारसे सापडले नाही, म्हणून तारखा आणि रकमांसह हे लिहिते आहे.

१९ जूनला चौदा पानांचा मसुदा आला. सोबतच्या पत्रात 'हा आमचा नेहमीचा नमुना आहे, दोन दिवसांत सही करून पाठवा' असे लिहिले होते. मी दोन दिवसांत सही केली नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुण्याच्या नोकरीचा राजीनामाही दिला नाही. दोन्ही बाजूंच्या सह्या झालेली प्रत हातात येईपर्यंत राजीनामा द्यायचा नाही, ही घरच्यांची अट होती आणि ती योग्य ठरली, कारण सह्या व्हायला २८ जुलै उजाडला.

मसुदा घेऊन मी नाशिकमधील एका वकील मॅडमकडे गेले. व्यापारी करार पाहणाऱ्या वकिलांकडेच जावे असे मला वाटते. माझ्या ओळखीचे वकील जमिनीच्या दाव्यांचे काम करीत आणि त्यांनी स्वतःच मला पुढे पाठवले. मॅडमनी साडेसात हजार रुपये घेतले आणि दोन बैठकांत पूर्ण करार वाचून दाखवला. मी त्यांना सर्वात आधी विचारले, ते न्यायालयाविषयी. करारात अमेरिकेतील डेलावेअर राज्याचा कायदा आणि तेथील न्यायालये नमूद केली होती. उद्या पैसे बुडाले तर मी काय करणार, ही माझी भीती होती.

त्यांचे उत्तर मला तेव्हा निराशाजनक वाटले. त्या म्हणाल्या, "तीन-चार हजार डॉलरसाठी तुम्ही अमेरिकेत दावा लावणार नाही, कारण तिथल्या वकिलाचा खर्च त्याहून जास्त होईल. नाशिकच्या न्यायालयात हुकूमनामा मिळवलात, तरी कंपनीची मालमत्ता तिकडे आहे. तेव्हा न्यायालयाच्या कलमावर भांडण्यात तुमची शक्ती घालवू नका. कुठल्याही एका दिवशी तुमचे जास्तीत जास्त किती पैसे त्यांच्याकडे अडकलेले असतील, तेवढे मला सांगा."

आम्ही तो हिशेब तिथेच कागदावर मांडला. मसुद्याप्रमाणे महिन्याच्या शेवटी बिल द्यायचे, कंपनीने ते 'मंजूर' करायचे आणि मंजुरीनंतर पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे होते. मंजुरी किती दिवसांत द्यायची, हे कुठेच लिहिले नव्हते. मंजुरी त्याच दिवशी मिळाली असे धरले, तरी ऑगस्टच्या कामाचे पैसे १५ ऑक्टोबरला येणार. म्हणजे १४ ऑक्टोबरच्या रात्री ऑगस्ट आणि सप्टेंबर हे दोन पूर्ण महिने आणि ऑक्टोबरचा अर्धा महिना, असे अडीच महिन्यांचे ७,५०० डॉलर त्यांच्याकडे असणार. तेव्हाच्या दराने ही रक्कम सहा लाख रुपयांच्या वर जात होती. कंपनी बंद पडली तर मी नोकरदार नसल्यामुळे माझी थकबाकी पगार म्हणून पुढे धरली जाणार नव्हती, मी इतर साध्या धनकोंच्या रांगेत उभी राहणार होते.

पुढचे पाच आठवडे आम्ही मुख्यतः हा आकडा खाली आणण्यासाठी घालवले. मी बिल महिन्यातून दोनदा, १५ तारखेला आणि महिनाअखेरीस, देण्याचे सुचवले. मुदत पंधरा दिवसांची मागितली आणि बिल मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ते मंजूर समजावे, असे एक वाक्य घालायला सांगितले. शिवाय पैसे सात दिवसांहून अधिक थकले तर लेखी सूचना देऊन मला काम थांबवता यावे आणि ते करारभंग समजले जाऊ नये, अशीही मागणी केली. कंपनीच्या वित्त विभागाने आधी महिन्यातून दोनदा बिल घेण्यास नकार दिला, मग तीस दिवसांची मुदत देऊ केली, आणि अखेर माझ्या चारही मागण्या मान्य केल्या. आता महिन्याच्या शेवटच्या दिवशी माझे जास्तीत जास्त दोन पंधरवड्यांचे, म्हणजे ३,००० डॉलर अडकणार होते. धोका संपला नव्हता, तरी तो माझ्या घराला पेलणारा झाला होता.

दुसरा महत्त्वाचा बदल केलेल्या कामाच्या मालकीविषयी होता. मसुद्यात 'निर्मिती होताक्षणी' सर्व हक्क कंपनीचे, असे लिहिले होते. भारतीय स्वामित्व हक्क कायदा, १९५७ नुसार नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक सहसा मालक-कंपनी असते. स्वतंत्र कंत्राटदाराचे तसे नसते, तिथे हक्क लेखी आणि सही केलेल्या दस्तानेच हस्तांतरित व्हावे लागतात. संगणक प्रणालीही या कायद्यात साहित्यकृती मानली जाते. म्हणूनच परदेशी कंपन्या हे कलम इतक्या बारकाईने लिहितात. वकील मॅडमनी 'निर्मिती होताक्षणी'ऐवजी 'त्या कामाचे पूर्ण पैसे मिळताच' असे शब्द सुचवले. कंपनीने ते फारशी खळखळ न करता मान्य केले. त्या पाच शब्दांचा उपयोग मला दीड वर्षाने झाला.

नुकसानभरपाईचे कलम सर्वात जड होते. माझ्या कामामुळे कंपनीवर कोणीही दावा केला, तर सर्व खर्च आणि नुकसान मी भरून द्यायचे होते आणि त्याला कोणतीही मर्यादा नव्हती. माझ्या हातून एखादी चूक झाली आणि त्यांच्या एखाद्या मोठ्या ग्राहकाचे नुकसान झाले, तर कागदावर माझी सगळी मालमत्ता त्यात येत होती. आम्ही मागील सहा महिन्यांत मला प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेइतकी मर्यादा मागितली आणि जाणूनबुजून केलेली फसवणूक त्यातून वगळली. यावर दोन आठवडे गेले, पण मर्यादा मिळाली. करार संपल्यावर बारा महिने त्यांच्या स्पर्धकाकडे काम न करण्याची अटही होती. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम २७ अशा व्यवसायबंदीला सामान्यतः निरर्थक ठरवते, पण करार दुसऱ्या देशाच्या कायद्याखाली असताना त्या भरवशावर राहू नये, असे मॅडमचे मत पडले. आम्ही ती अट काढून टाकायला सांगितली आणि त्यांच्या ग्राहकांना स्वतःकडे न वळवण्याची साधी अट मान्य केली. करार संपवण्याची सूचना मसुद्यात माझ्याकडून तीस दिवसांची आणि त्यांच्याकडून शून्य दिवसांची होती, ती दोन्हीकडून पंधरा दिवसांची झाली.

याच काळात कंपनीने एकदा सुचवले, की डॉलरऐवजी रुपयांत ठराविक रक्कम ठरवू, म्हणजे तुम्हाला दराची चिंता राहणार नाही. मी नकार दिला. डॉलर वर जाईल याची मला खात्री होती म्हणून नव्हे. या कामाचे बाजारमूल्य डॉलरमध्ये ठरते आणि दर पुन्हा ठरवण्याची तरतूद त्या प्रस्तावात नव्हती. मात्र डॉलर स्वीकारताना मी घराचा हप्ता आणि महिन्याचा खर्च ७५ रुपये दर धरून आखला, जेणेकरून रुपया वधारला तरी हप्ता चुकू नये.

१ सप्टेंबर २०२३ ला काम सुरू झाले. त्याआधी कंपनीने करविषयक कागद म्हणून W-9 हा फॉर्म भरायला पाठवला होता. तो अमेरिकी करदात्यांसाठी असतो. मी तो परत केला आणि W-8BEN भरून दिला, ज्यात मी अमेरिकेची करदाती नाही असे लिहून द्यावे लागते. माझे सर्व काम भारतात बसून होणार असल्यामुळे ते उत्पन्न अमेरिकेत उगम पावलेले धरले जात नाही आणि त्यातून तिथला कर कापण्याचे कारण उरत नाही. चुकीचा फॉर्म तसाच भरून दिला असता, तर माझी नोंद तिथल्या करदात्यांत झाली असती.

पहिले बिल १५ सप्टेंबरचे, १,५०० डॉलरचे. कंपनीने २९ तारखेला, शुक्रवारी, पैसे पाठवल्याचा पुरावा पाठवला. मधे शनिवार-रविवार आणि सोमवारी गांधीजयंतीची सुट्टी आली. मंगळवारी बँकेतून फोन आला, की परदेशातून रक्कम आली आहे, ती कशाची? मी कामाचे पैसे असल्याचे सांगितले आणि ४ ऑक्टोबरला खात्यात १,२०,८१० रुपये जमा झाले. त्या दिवशी बाजारात डॉलर सुमारे ८३ रुपये २० पैशांना होता, म्हणजे १,५०० डॉलरचे १,२४,८०० रुपये व्हायला हवे होते.

चार हजार रुपये कुठे गेले, हे शोधायला मला शाखेत दोन फेऱ्या माराव्या लागल्या. वाटेतल्या मध्यस्थ बँकेने २५ डॉलर कापले होते, त्यामुळे इथे १,४७५ डॉलरच पोचले. माझ्या बँकेने त्यांना ८२ रुपये २० पैसे दर लावला, म्हणजे बाजारापेक्षा डॉलरमागे एक रुपया कमी. त्यानंतर बँकेचे शुल्क आणि त्यावरचा कर मिळून २३६ रुपये गेले. शेवटी चलन बदलण्याच्या सेवेवर वस्तू व सेवा कर लागला, जो संपूर्ण रकमेवर नसून नियमाने ठरवलेल्या छोट्या मूल्यावर असतो आणि माझ्या बाबतीत तो १९९ रुपये झाला. म्हणजे करापेक्षा खूप मोठा घास दरातील फरकाने आणि मध्यस्थ बँकेने घेतला होता. 'कर कापला गेला असेल' असे समजून बरेच जण हा प्रश्न विचारतच नाहीत.

महिन्यातून दोनदा बिल मागताना माझ्या लक्षात न आलेली गोष्ट इथे समोर आली: प्रत्येक खेपेचे ठराविक शुल्कही आता दुप्पट होणार होते. मी कंपनीला लिहिले, की रक्कम पाठवताना शुल्काचा पर्याय SHA ऐवजी OUR निवडावा, म्हणजे पाठवणाऱ्याकडील आणि वाटेतील शुल्क पाठवणाऱ्याने सोसायचे. त्यांनी ते केले, पण ही गोष्ट करारातच 'बिलाची पूर्ण रक्कम लाभार्थीच्या बँकेत पोचली पाहिजे' अशा शब्दांत असायला हवी होती. दराबद्दल मी शाखेच्या परकीय चलन विभागाशी बोलले. दर महिन्याला नियमित रक्कम येणार असल्याचा करार दाखवल्यावर त्यांनी बाजारदरापेक्षा तीस पैसे कमी असा दर ठरवून दिला. विचारल्याशिवाय हा दर कोणी देत नाही.

त्याच फेरीत एक जास्त गंभीर चूक सापडली. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक रकमेला एक हेतू-संकेत लावावा लागतो. माझ्या प्रकारच्या सॉफ्टवेअर सेवेसाठी तो P0802 होता. फोनवर बोलणाऱ्या कर्मचाऱ्याने P1301 लावला होता, जो परदेशस्थ नातेवाइकांनी कुटुंबाच्या निर्वाहासाठी पाठवलेल्या पैशांसाठी आहे. खात्यात पैसे सारखेच जमा होतात, म्हणून चूक कळत नाही. परंतु ही रक्कम सेवानिर्यातीची आहे याचा पुरावा म्हणजे बँकेने दिलेली परकीय रक्कम आल्याची सूचना, आणि तिच्यावर चुकीचा संकेत असेल तर पुढे कर विभागासमोर तो पुरावा लंगडा पडतो. मी बिल, कराराची प्रत आणि अर्ज देऊन दुरुस्ती मागितली. ती व्हायला नऊ दिवस लागले. तेव्हापासून प्रत्येक बिलावरच मी हेतू-संकेत छापते, आणि पैसे आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती सूचना मागवून बिलासोबत एका फाइलीत ठेवते.

आयकराबाबत फार अडचण आली नाही, पण सवय बदलावी लागली. परदेशी कंपनी इथे कर कापत नाही, म्हणून मिळणारी रक्कम पूर्ण आपलीच आहे असा भास होतो. माझ्या सीएंनी व्यावसायिकांसाठीची अनुमानित उत्पन्नाची योजना लावली, जिच्यात जमा रकमेचा निम्मा भाग उत्पन्न धरता येतो आणि आगाऊ कर एकाच हप्त्यात १५ मार्चपर्यंत भरावा लागतो. मी प्रत्येक जमेचा पाचवा हिस्सा त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकत गेले, त्यामुळे मार्च २०२४ मध्ये धावपळ झाली नाही. ही व्यवस्था १९६१ च्या आयकर कायद्याखालची होती. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू होत असल्यामुळे त्यानंतरच्या उत्पन्नासाठी कलमांचे क्रमांक सीएंकडून नव्याने पाहून घ्यावेत.

वस्तू व सेवा कराचा प्रश्न दुसऱ्या वर्षी आला. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांवर गेली की नोंदणी आवश्यक होते, आणि निर्यातीवर कर शून्य असला तरी तिची रक्कम या उलाढालीत मोजली जाते. 'माझे ग्राहक बाहेरचे, मला हा कर लागू नाही' हा समज मी अनेकांकडून ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे. पहिल्या वर्षी सात महिन्यांची बिले मिळून साधारण साडेसतरा लाख झाले, त्यामुळे प्रश्न आला नाही. २०२४-२५ मध्ये मात्र नोव्हेंबरअखेरच्या बिलाने वीस लाखांची रेषा ओलांडली जाणार होती, म्हणून मी ३ ऑक्टोबरलाच अर्ज केला. घर वडिलांच्या नावावर असल्यामुळे वीजबिल आणि त्यांचे संमतिपत्र जोडले. ९ तारखेला अधिकाऱ्यांची शंका आली, की संमतिपत्रावर पूर्ण पत्ता नाही. अशा शंकेला कामकाजाच्या सात दिवसांत उत्तर द्यावे लागते, नाहीतर अर्ज फेटाळला जाऊ शकतो, आणि तिची सूचना ईमेलने येते, म्हणून त्या दिवसांत मी रोज ईमेल तपासत होते. २१ ऑक्टोबरला क्रमांक मिळाला. सरकारी शुल्क काही नव्हते, सीएंनी तीन हजार घेतले.

नोंदणीनंतर लगेच दुसऱ्या दिवशी मी RFD-11 हा फॉर्म भरून हमीपत्र दाखल केले. या हमीपत्रामुळे निर्यातीच्या बिलावर एकात्मिक कर न भरता सेवा देता येते. त्यात दोन साक्षीदारांची नावे आणि पत्ते लागतात, आणि ते दर आर्थिक वर्षासाठी नव्याने द्यावे लागते. या हमीपत्रात तेव्हा एक अट होती, जिचा संबंध थेट परदेशी ग्राहकाच्या देणेदारीशी येत होता: बिलाच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत परकीय चलनात पैसे आले नाहीत, तर मुदत वाढवून घेतल्याशिवाय त्या बिलावरचा अठरा टक्के कर व्याजासह आपणच भरायचा. म्हणजे ग्राहकाने पैसे बुडवले तर मानधन जाते आणि न मिळालेल्या मानधनावरचा करही आपल्या अंगावर येऊ शकतो. सीए हे सांगत होते तेव्हा मी त्याकडे फारसे लक्ष दिले नव्हते, कारण तोवर एकही बिल चुकले नव्हते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये खुणा दिसू लागल्या. ३१ जानेवारीच्या बिलाचे पैसे चार दिवस उशिरा आले, वित्त विभागातील ओळखीची व्यक्ती कंपनी सोडून गेली, आणि साप्ताहिक बैठकीत नव्या कामांऐवजी फक्त चालू ग्राहकांबद्दल बोलणे होऊ लागले. १५ फेब्रुवारीच्या बिलाची मुदत २ मार्चला, रविवारी, संपत होती. करारानुसार पुढचा कामाचा दिवस ३ मार्च. पैसे आले नाहीत. 'गुंतवणुकीची रक्कम येण्यात थोडा विलंब आहे' असे उत्तर मिळाले, आणि माझ्या गटप्रमुखाने वैयक्तिक विनंती केली, की हातातले काम तरी पूर्ण करा.

तो आठवडा मला फार जड गेला. त्या गटातील माणसे चांगली होती आणि दीड वर्ष त्यांनी मला सन्मानाने वागवले होते. पण सात दिवस झाल्यावर, १० मार्चच्या संध्याकाळी, मी करारातील कलमाचा क्रमांक लिहून काम थांबवण्याची सूचना पाठवली आणि मार्चमधल्या सहा दिवसांचे ८५७ डॉलरचे बिल जोडले. त्या दिवशी अडकलेली एकूण रक्कम ३,८५७ डॉलर, म्हणजे सुमारे तीन लाख पस्तीस हजार रुपये होती. मूळ मसुद्याच्या अटी राहिल्या असत्या, तर जानेवारीच्या बिलाची मुदत १७ मार्चला संपली असती, आणि सात दिवस वाट पाहून मी २४ तारखेला थांबले असते, तर ८,२८६ डॉलर अडकले असते.

२१ मार्चला फेब्रुवारीच्या पहिल्या बिलाचे १,५०० डॉलर आले आणि १७ एप्रिलला दुसऱ्याचे. मग कंपनीने प्रकल्प बंद करीत असल्याचे कळवले आणि शेवटच्या ८५७ डॉलरपोटी ५०० डॉलर घेऊन हिशेब मिटवावा असे सुचवले. एवढ्या लहान रकमेसाठी त्यांनी स्वतःहून तडजोड का सुचवली, याचे कारण त्यांच्या पत्रातच होते: ते आपली प्रणाली दुसऱ्या एका कंपनीला विकत होते आणि घेणाऱ्यांना प्रत्येक भागाच्या मालकीचा स्वच्छ कागद हवा होता. माझ्या शेवटच्या सहा दिवसांच्या कामाचे हक्क पैसे मिळेपर्यंत माझ्याकडेच होते.

तडजोडपत्राचा मसुदा मी पुन्हा वकील मॅडमना दाखवला आणि त्यांनी त्यासाठी दीड हजार घेतले. त्यात मी कंपनीला सर्व दाव्यांतून मुक्त करीत होते, पण माझी नुकसानभरपाईची जबाबदारी मात्र कायम राहत होती. आम्ही मुक्तता दोन्ही बाजूंनी असावी असे लिहून परत पाठवले. माझ्या मनाने त्यातून मिळणाऱ्या पाचशे डॉलरपेक्षा हे वाक्य मोलाचे होते, कारण त्याने विकल्या गेलेल्या प्रणालीबद्दलची माझी पुढची जबाबदारी संपत होती. ९ मे रोजी ५०० डॉलर जमा झाले. उरलेल्या ३५७ डॉलरसाठी सीएंनी तडजोडपत्राच्या आधारे क्रेडिट नोट काढून विवरणपत्रात नोंदवली, जेणेकरून एक वर्षाच्या अटीत ते बिल अर्धवट लटकत राहू नये.

जूनमध्ये इंग्लंडमधील एका कंपनीचा प्रस्ताव आला, मानधन पौंडांत. या वेळी मी स्वतः आधी हिशेब केला, पंधरवड्याची बिले, पंधरा दिवसांची मुदत आणि पूर्ण रक्कम पोचवण्याची अट पहिल्याच पत्रात मागितली आणि ती मिळालीही. वकील मॅडमनी मात्र या करारात वेगळ्याच ठिकाणी बोट ठेवले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली ज्या देशांच्या वरिष्ठ न्यायालयांचे हुकूमनामे भारतात थेट अंमलात आणता येतात, त्यांत ब्रिटन आहे, तसेच सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीही आहेत. अमेरिका त्या यादीत नाही, तिथला निकाल घेऊन आलेल्याला इथे नवा दावा लावावा लागतो. म्हणजे जुन्या करारात कागदावर भयंकर दिसणारी नुकसानभरपाई प्रत्यक्षात वसूल करणे त्या कंपनीला कठीण होते, तर इंग्लंडच्या न्यायालयाचा हुकूमनामा नाशिकच्या जिल्हा न्यायालयात इथल्याच हुकूमनाम्यासारखा अंमलबजावणीला येऊ शकतो, अर्थात त्यावर संहितेतील ठराविक हरकती घेता येतात. करारात न्यायालयाऐवजी लवाद असता, तर अमेरिकेच्या बाबतीतही हा फरक बराच कमी झाला असता, कारण परदेशी लवादाचे निवाडे न्यूयॉर्क कराराखाली भारतात अंमलात आणता येतात.

म्हणून या वेळी बोलणी पैशांच्या मुदतीवर न होता नुकसानभरपाईच्या मर्यादेवर झाली. मसुद्यात मर्यादा नव्हती, त्यांनी बारा महिन्यांचे मानधन सुचवले, आम्ही तीन महिने मागितले. नऊ दिवसांनी, ३ जुलै २०२५ ला, सहा महिन्यांवर सह्या झाल्या. पहिले बिल १५ जुलैचे होते, आणि त्याचे पैसे २९ तारखेला पूर्ण, योग्य हेतू-संकेतासह जमा झाले.